टॉमला वर कोण पाठवणार? ‘द मिल ऑन द फ्लॉस’मधल्या भावाबहिणीचं प्रकरण

जॉर्ज एलियटची ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (1860) आमच्या कोथरूडच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये घेतली तेव्हा एका मैत्रिणीनं वहीत दोन रकाने पाडून आणले होते. डावीकडे लहानपणीचा प्रसंग, उजवीकडे मोठेपणीचा दगा. मॅगी तिच्या भावाचे, टॉमचे ससे विसरली, ते मेले. मोठेपणी ती भान विसरून स्टीफनबरोबर नावेतून वाहत गेली. मॅगीनं लहानपणी लूसीला चिखलात ढकललं. मोठेपणी त्याच लूसीचा ठरल्यातला नवरा, म्हणजे हा स्टीफनच, मॅगीच्या मागे लागला. टॉम म्हणाला होता उद्या मासे पकडायला माझ्याबरोबर यायचं नाही. मोठेपणी म्हणाला माझ्या घरात तुला जागा नाही. तीनही ओळी बरोबर आहेत, पुस्तकात आहे तेच आहे. पण मला ते रकाने बघून सारखं वाटत राहिलं की कुठल्या घटनेची कुठल्या घटनेशी जोडी लागते एवढ्यावरच थांबलं तर या कादंबरीतली सगळ्यात दुखरी गोष्ट हातातून निसटते, कारण दोन्ही वेळी चूक जवळजवळ तीच असते, शिक्षाही तीच असते, आणि तरी एकदा भांडण संध्याकाळपर्यंत मिटतं आणि एकदा मिटतच नाही. ते का, हे इथे नीट उलगडून बघायचंय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लॉस नदीजवळ डॉर्लकोट मिल ही टलिव्हर घराण्याची पिढीजात पिठाची चक्की. घरात दोन मुलं, टॉम तेरा वर्षांचा, मॅगी नऊ वर्षांची. आई टॉमच्या बाजूची, कारण तो तिच्या माहेरच्या वळणावर गेलाय, गोरा, गुटगुटीत. मॅगी सावळी, केस कधी सरळ न राहणारे, वाचनवेडी, आणि बापाची अतिशय लाडकी. शिक्षणाचा पैसा मात्र टॉमवर खर्च होतो. त्याला लॅटिन शिकायला पाठवतात जे त्याच्या डोक्यात शिरत नाही, आणि जिच्या डोक्यात शिरलं असतं ती सुट्टीत त्याला भेटायला जाते आणि त्याची पुस्तकं चाळते. पुढे बाप नदीच्या पाण्याच्या हक्काच्या केसमध्ये हरतो, दिवाळं निघतं, चक्की विरुद्ध पक्षाचा वकील वेकम विकत घेतो, आणि टॉम कोवळ्या वयात कामाला लागून बापाचं कर्ज फेडतो. रायव्हलरी म्हटली की आपल्याला वाटतं दोघं एका गोष्टीसाठी भांडतायत, पण इथे तसं नाहीये, मॅगीला टॉमकडून काही हिसकावायचं नाही, तिला फक्त त्यानं आपल्यावर प्रेम करावं असं वाटतं. टॉमचंही तिच्यावर प्रेम आहे, पण प्रेमाच्या आधी त्याला हिशोब चुकता करायचा असतो. एलियटनं त्याच्याबद्दल लिहिलंय की गुन्हेगाराला त्याच्या लायकीइतकं दुखवायचं आणि ती लायकी नेमकी किती याबद्दल मनात शंका ठेवायची नाही, असा पोरवयातला न्याय त्याच्यात जरा जास्तच होता.

आता सशांचा प्रसंग. टॉम शाळेतून घरी येतो आणि मॅगीसाठी मासे पकडायची नवी दोरी घेऊन येतो. या दोरीसाठी त्यानं खाऊत पैसे घातले नाहीत, आणि खाऊत वाटा टाकला नाही म्हणून पोरांनी त्याच्याशी मारामारी केली, तीही त्यानं सोसली. म्हणजे प्रेम आहे, आणि त्या प्रेमाची किंमत त्याला तोंडपाठ आहे. मग मॅगी घाबरत घाबरत सांगते की ससे मेले, मी खायला घालायचं विसरले. ती म्हणते माझ्याकडचे सगळे पैसे घे, आणि टॉम म्हणतो मला तुझे पैसे नकोत, मला तुझ्यापेक्षा जास्त मिळतात, कारण मी मुलगा आहे. आणि मग निकाल: तू वाईट आहेस, उद्या मी तुला मासे पकडायला नेणार नाही. मॅगी रडत माळ्यावर जाऊन बसते. तिला वाटतं आपण इथेच उपाशी राहू, रात्रभर राहू, मग सगळे घाबरतील आणि टॉमला वाईट वाटेल. पण खाली टॉमला अजिबात वाईट वाटत नाहीये, तो मजेत आहे, त्याच्या दृष्टीनं प्रकरण संपलंय.

इथे लक्ष द्यायला हवं, कारण घाईत वाचताना हे सुटतं. टॉम स्वतःहून वर जात नाही. चहाच्या वेळी बाप विचारतो पोरगी कुठंय, त्याला लगेच कळतं की टॉमनं काहीतरी केलंय, आणि तो टॉमला दटावतो की जा, तिला खाली घेऊन ये आणि तिच्याशी नीट वाग. बापाचा शब्द टॉम मोडत नाही. तो प्लम केकचा तुकडा हातात घेऊनच वर निघतो, आणि एलियट स्पष्ट सांगते की शिक्षा कमी करायचा त्याचा काही इरादा नाहीये. मॅगी मात्र त्याची चाहूल ओळखून धावत येते आणि गळ्यात पडते, टॉम जरा वेळ ताठ राहतो आणि मग त्याचा धीर सुटतो, तो म्हणतो रडू नको मॅग्सी, हा केक खा. मग दोघं एकाच तुकड्याचे लचके तोडत, गाल एकमेकांना घासत केक खातात. दुसऱ्या दिवशी मासे पकडायला दोघं बरोबर जातात.

म्हणजे समेट प्रेमामुळे झाला हे खरं, पण ते प्रेम माळ्याच्या जिन्यापर्यंत पोहोचलं ते बापाच्या दटावणीमुळे. टॉमच्या न्यायात अपील नाही, आणि अपील ऐकणारं घरात दुसरं कोणीतरी होतं म्हणून ते प्रकरण एका दुपारीत मिटलं.

आणि हे मी माझ्या मनानं जोडत नाहीये, कादंबरीत बापाच्याच डोक्यात हे येतं आणि तेही फार लवकर, पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात. टलिव्हरला पैशांची नड लागते, त्याची बहीण, म्हणजे मुलांची मॉस आत्या, तिच्या नवऱ्यानं त्याच्याकडून तीनशे पौंड घेतलेले असतात, ते मागायला तो घोड्यावरून जातो. आत्याचं घर गरिबीचं, आठ पोरं, जमीन निकस. तो मन घट्ट करून सांगतो की पैसे परत हवेत आणि तसाच निघतो. थोडं अंतर गेल्यावर थांबतो आणि परत फिरतो. कारण त्याच्या मनात येतं की आज मी बहिणीशी कठोर वागलो तर उद्या, मी नसताना, टॉम मॅगीशी तसाच वागेल. परत येऊन बहिणीला सांगतो काळजी करू नकोस, बघू काहीतरी. मला हा सीन पूर्ण कादंबरीची किल्ली वाटतो. लहानपणच्या घटना मोठेपणी परत येतात हे आपण वाचक म्हणून मागाहून ओळखतो, पण इथे ते एका साध्या, फारसं न शिकलेल्या माणसाला आधीच दिसतं आणि तो त्यावर जेवढं करता येईल तेवढं करतो, स्वतःचा तोटा सोसून.

याचा पुढचा धागा तर फारच विलक्षण आहे. दिवाळं निघतं, बाप अर्धवट शुद्धीत, आणि नातेवाईक हिशोब करायला बसतात तेव्हा त्या तीनशे पौंडांच्या कागदाचा विषय निघतो. तो कागद असेल तर मॉस आत्याच्या नवऱ्याकडून वसुली होणार. तेव्हा टॉम, अजून शाळकरी मुलगा, सगळ्यांसमोर सांगतो की बाबांनी मला सांगितलं होतं, आत्याकडून पैसे वसूल करायचे नाहीत, म्हणून तो कागद फाडला पाहिजे. आणि तसं होतं. म्हणजे टॉम निर्दय आहे असं म्हणून चालणार नाही, बहिणीला सांभाळायचं हा बापाचा शब्द तो आत्याच्या बाबतीत अक्षरशः पाळतो. पण तो शब्द त्याच्याकडे नियम म्हणून पोहोचलाय, त्यामागे एक माणूस घोडा थांबवून परत फिरला होता हे टॉमला माहीतच नाही. मरताना बाप पुन्हा सांगतो, हिच्याशी चांगला वाग पोरा, मी माझ्या बहिणीशी चांगला वागलो. आत्याच्या वेळी करायचं काय ते ठरलेलं होतं, कागद फाडायचा. चांगलं वाग म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी ठरवून दिलेलं नाही, आणि टॉमची अडचण नेमकी तिथेच आहे.

मधला टप्पा फिलिपचा. फिलिप हा वेकमचा मुलगा, पाठीत बाक असलेला, हुशार, टॉमच्याच मास्तरांकडे शिकलेला. वेकमनं घर बुडवलं म्हणून बापानं टॉमकडून घरच्या बायबलमध्ये लिहून घेतलंय की त्याला कधी माफ करायचं नाही. अशा घरातली मॅगी फिलिपला रेड डीप्स नावाच्या झाडीत चोरून भेटत राहते, जवळजवळ वर्षभर. पुलेट मावशी सहज बोलून जाते की फिलिप तिकडे दिसतो, आणि टॉमला सगळं लागतं. तो मॅगीपुढे दोन पर्याय ठेवतो: बायबलवर हात ठेवून शपथ घे की यापुढे एकांतात त्याला भेटणार नाहीस, नाहीतर मी बाबांना सगळं सांगतो. आणि मग तिला बरोबर घेऊन जातो आणि तिच्यासमोर फिलिपला त्याच्या शरीरावरून बोलतो. आमच्या ग्रुपमधल्या काहींना हा सशांचा प्रसंगच परत वाटला. मला त्यात एक फरक मोठा दिसतो. लहानपणी बाप टॉमला थोपवणारा होता, आता टॉम त्याच बापाला धमकी म्हणून वापरतोय. अपील जिथे करायचं ती जागाच आता फिर्यादीच्या हातात गेलीये. मॅगी त्या वेळी त्याला सुनावते की तू आयुष्यभर दुसऱ्यांना दोष देत आलास, तुझंच बरोबर असं तुला कायम वाटत आलंय, आणि हे ती सशांच्या वेळी म्हणू शकली नव्हती, तेवढं तिचं वय वाढलंय.

आता मोठा दगा. लूसी ही मॅगीची मावसबहीण, लहानपणी चिखलात ढकललेली तीच, नीटनेटकी, गोड, आणि मनानं खरोखर चांगली. स्टीफन गेस्ट आणि तिचं जमल्यातच जमा आहे. मॅगी तिच्याकडे राहायला येते आणि स्टीफन तिच्याकडे ओढला जातो, तीही. एक दिवस दोघं नावेतून निघतात, उतरायचं ठिकाण मागे पडतं, मॅगीला भान नसतं, भान येतं तेव्हा परतायला उशीर झालेला असतो. दुसऱ्या मोठ्या बोटीवर रात्र जाते. सकाळी मॅगी लग्नाला ठाम नकार देते आणि एकटी परत निघते. इथे चिखलाच्या प्रसंगाशी जोडी लावताना जपून. लहानपणी तिनं लूसीला मुद्दाम ढकललं होतं, कारण टॉम मुद्दाम लूसीशी खेळत होता आणि मॅगीकडे बघतही नव्हता, तो राग होता आणि खरं तर टॉमवरचा होता. मोठेपणी लूसीवर राग नाही, लूसीला दुखवायचं नाही म्हणून तर ती परत येते. हेतूच्या बाजूनं बघितलं तर नावेचा प्रसंग सशांच्या जवळचा आहे: वाईट करायचं नव्हतं, लक्ष राहिलं नाही, आणि जीव दुसऱ्याचा गेला. नुकसान लूसीचं, पद्धत सशांची. मैत्रिणीच्या रकान्यात या दोन वेगवेगळ्या ओळी होत्या, पण माझ्या मते एलियटनं दोन्ही प्रसंग एकाच कृतीत एकत्र आणलेत, आणि म्हणूनच वाचताना मॅगी निर्दोष वाटत नाही आणि दोषीही वाटत नाही.

निघाल्यापासून पाचव्या दिवशी ती चक्कीवर येते. चक्की नुकतीच परत मिळालीये, टॉम अंगणात उभा आहे, इतक्या वर्षांच्या कष्टाचं चीज झालेलं. ती म्हणते मी घरी आले, आसऱ्याला, सगळं सांगायला. तो म्हणतो माझ्या घरात तुला जागा नाही. आणि त्याच्यासारखं वाक्य पुढे येतं: अडचण असेल तर आईला कळव, मी पैसे देईन, पण या छपराखाली यायचं नाही. इथेही तो हिशोबाला पक्का आहे, बहिणीला उपाशी मरू देणार नाही, तेवढं कर्तव्य, त्यापुढे काही नाही. आई दारातून बाहेर येते आणि म्हणते मी तुझ्याबरोबर येते, तुला आई आहे. ही बाई पूर्ण कादंबरीभर टॉमच्या बाजूची होती, तिचं हे एक वाक्य मला फार मोठं वाटतं. पण ती मॅगीबरोबर निघून जाऊ शकते, टॉमला वर पाठवू शकत नाही. ग्लेग मावशी, जी आयुष्यभर टोचून बोलत आली, तीसुद्धा टॉमवर चिडते आणि मॅगीला आपल्या घरी ठेवायला तयार होते. तिचाही टॉमवर इलाज चालत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक काकू आहेत, वकिली करायच्या, पेठेतल्या वाड्यांच्या वाटण्या आणि हक्कसोडपत्रं यातच त्यांची वर्षं गेली. त्या म्हणाल्या, “टॉमला मी ओळखते. बहिणीला द्यायचं ते देतो, पै न् पै चोख, पण तिच्याशी बोलत नाही. अशा घरात आईवडील होते तोवर एक वाक्य असायचं, बास झालं आता, पानं घेतलीयेत. ते म्हणणारं माणूस गेलं की मग कागदावर सगळं बरोबर असूनही दहा-दहा वर्षं राखी होत नाही.” कादंबरीचं याहून नेमकं वाचन मी ऐकलेलं नाही. टॉमचा न्याय लहानपणी होता तेवढाच मोठेपणी आहे, एक तोळाही वाढलेला नाही. फक्त घरातला कर्ता आता तोच आहे, त्यामुळे ‘जा, तिला घेऊन ये’ हे त्याला म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

म्हणून मी मैत्रिणीला म्हटलं की तिसरा रकाना पाड: मध्ये कोण पडलं. ससे, बाप. फिलिप, बापाचं फक्त नाव, तेही धमकीसाठी. स्टीफन, पडायला गेले पण जोर नव्हता. आणि मग शेवट. पुराच्या रात्री मॅगी एकटी नावेतून चक्कीकडे जाते, घर वरच्या मजल्यापर्यंत पाण्यात, ती हाका मारते, आणि टॉमचा आवाज येतो तो माळ्याच्या खिडकीतून. या वेळी माळ्यावर टॉम आहे आणि त्याच्यापर्यंत जाणारी मॅगी आहे, आणि तिला कोणी पाठवलेलं नाही. तिनं काय केलंय हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागतो, मग त्याच्या तोंडून निघतं, मॅग्सी. केकच्या वेळचं तेच नाव. थोड्याच वेळात दोघंही बुडतात.

ग्रुपमधल्या दोघातिघांचं ठाम मत होतं की पूर ही पळवाट आहे, लेखिकेला गाठ सुटेना म्हणून पाणी सोडलं. हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. एलियटनं स्वतः 1860 मध्ये पत्रात कबूल केलंय की पहिल्या दोन खंडांत विषयाच्या प्रेमापोटी ती इतकी रमली की तिसऱ्याला प्रमाणात जागा मिळाली नाही. पण पुराची तयारी नव्हती असं म्हणता येत नाही, पहिल्या पानापासून नदी आहे, आई पहिल्यापासून घाबरते की ही पोरगी एक दिवस पाण्यात पडणार, आणि लिहिताना एलियटनं जुन्या पुरांच्या नोंदी काढून वाचल्या होत्या. तिच्या स्वतःच्या घरातलंही यात उतरलंय असं बहुतेक सगळेच मानतात: लग्न न करता जॉर्ज हेन्री लुइसबरोबर राहते हे 1857 मध्ये कळल्यावर तिचा भाऊ आयझॅकनं संबंध तोडले, आणि त्याचं पत्र आलं ते थेट 1880 मध्ये, तिनं दुसऱ्या माणसाशी रीतसर लग्न केल्यावर. पुस्तक आलं तेव्हा त्या अबोल्याची तीनच वर्षं झाली होती.

माझा आक्षेप वेगळा आहे. पुरामुळे समेट झाला यावर माझा विश्वास बसतो, पण तो टिकला असता का याची परीक्षाच होत नाही. लहानपणच्या समेटाचं काय झालं ते आपल्याला माहितीये. माळ्यावरच्या केकनंतर थोड्याच दिवसांत जॅम पफचा प्रसंग येतो: टॉम पफचे दोन तुकडे करतो, एकात जॅम जास्त, मॅगीला डोळे मिटून डावा-उजवा निवडायला लावतो, तिला मोठा वाटा मिळतो, ती तो त्याला देऊ करते, तो म्हणतो नाही, नियम म्हणजे नियम, आणि तिनं खाऊन संपवल्यावर तिला हावरट म्हणून निघून जातो. लगेच त्यानंतर चिखलाचा दिवस. म्हणजे मॅग्सी म्हणणारा टॉम आणि हावरट म्हणणारा टॉम यांच्यात अंतर फार नव्हतं. नाव किनाऱ्याला लागली असती, पाणी ओसरलं असतं, लूसी समोर आली असती, गावात पुन्हा कुजबुज सुरू झाली असती, तेव्हा टॉमनं काय केलं असतं यावर त्या दिवशी आमचं एकमत झालं नाही. काकूंच्या मते त्यानं मॅगीला घरात घेतलं असतं पण स्टीफनचं नाव घरात निघू दिलं नसतं, आणि मला ते पटतं.